नवाचा ताळा: गुणाकाराची झटपट झडती आणि तिच्यातल्या पळवाटा

४७३८ गुणिले ६२९. कागदावर हा गुणाकार मांडला की तीन ओळी होतात. नवाची ओळ ४२६४२, दोनाची एक घर डावीकडे सरकवून ९४७६ आणि सहाची दोन घरं सरकवून २८४२८. तिन्हींची बेरीज केली की उत्तर येतं २९,८०,२०२. बारा वेळा पाढा म्हणून झाला, प्रत्येक वेळी हातचा सांभाळला आणि शेवटी तिरकस मांडलेल्या ओळींची बेरीज झाली. एवढ्या सगळ्यात कुठे पाय घसरला नसेल, याची खात्री कशी करायची?

सगळा गुणाकार पुन्हा करणं हा एक मार्ग. पण त्यात वेळ तर जातोच, शिवाय जी चूक पहिल्यांदा झाली तीच दुसऱ्यांदा होण्याची शक्यताही असते, कारण हात त्याच वाटेने जातो. म्हणून हिशेब करणाऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी एक वेगळी वाट काढली, ती म्हणजे नवाचा ताळा. त्याला लागतात जेमतेम दहा-पंधरा सेकंद.

रीत अशी. गुण्यातले अंक मिळवायचे: ४+७+३+८ म्हणजे २२. उत्तर दोन अंकी आलं, तर ते अंक पुन्हा मिळवायचे: २+२ म्हणजे ४. गुणकाचंही तसंच: ६+२+९ म्हणजे १७, आणि १+७ म्हणजे ८. आता या दोन छोट्या संख्यांचा गुणाकार करायचा. ४ गुणिले ८ म्हणजे ३२, आणि ३+२ म्हणजे ५. शेवटी मोठ्या उत्तराचे अंक मिळवायचे: २+९+८+०+२+०+२ म्हणजे २३, आणि २+३ म्हणजे ५. दोन्हीकडे पाच आले. ताळा जमला.

सवय झालेला माणूस बेरीजसुद्धा पूर्ण करत नाही. अंकांवरून नजर फिरवताना नऊ दिसला की तो सोडून देतो, मिळून नऊ होणारी जोडी दिसली की तीही सोडतो. ६२९ मध्ये नऊ गळला, उरले ६ आणि २, म्हणजे थेट ८. असे नऊ टाकून शेवटी जो अंक उरतो, त्याला नवशेष म्हणता येईल. वैदिक गणिताच्या वर्गांत त्यालाच बीजांक म्हणतात. बेरजेचा शेवट नऊवर आला, तर तो शून्यच धरायचा.

यामागचं कारण सोपं आहे. दहा म्हणजे नऊ अधिक एक. शंभर म्हणजे नव्व्याण्णव अधिक एक, हजार म्हणजे नऊशे नव्व्याण्णव अधिक एक. म्हणजे दहा, शंभर, हजार, लाख, यांपैकी कशालाही नवाने भागलं तरी बाकी एकच उरते. मग ४७३८ मधल्या चार हजारांना नवाने भागलं की बाकी ४, सात शतकांची ७, तीन दशकांची ३ आणि एककांचे ८ आहेतच. अंकांची बेरीज करणं म्हणजे खरं तर या बाक्या एकत्र करणं. संख्येला नवाने भागून जी बाकी येईल, तीच अंक मिळवूनही येते, फक्त भागाकार करावा लागत नाही.

गुणाकारात या बाक्या नीट चालतात. ४७३८ म्हणजे नवाची काही पट आणि वर ४. ६२९ म्हणजे नवाची काही पट आणि वर ८. दोघांना गुणलं की नवाच्या पटींचा भाग जिथे जिथे जातो, तिथे नवाची पटच तयार होते. नवाच्या तावडीतून सुटून बाहेर राहतो तो फक्त ४ गुणिले ८ हा भाग. म्हणून मोठ्या उत्तराची बाकी आणि या छोट्या गुणाकाराची बाकी एकच यायला हवी. ती वेगळी आली तर कुठेतरी चूक झाली आहेच, त्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. मात्र ती जुळली तर उत्तर बरोबर आहे, असं या युक्तिवादातून कुठेच निघत नाही. निघतं ते एवढंच की चूक असलीच, तर ती नवाच्या पटीत आहे. पुढचा सगळा घोटाळा याच फटीतून आत येतो.

हा ताळा भारतात किमान हजार वर्षं माहीत आहे. दहाव्या शतकाच्या सुमाराचा मानला जाणारा दुसरा आर्यभट याच्या ‘महासिद्धान्त’ या ग्रंथात तो सांगितलेला आहे. पहिला आर्यभट वेगळा, त्याचा काळ याच्या बऱ्याच आधीचा. त्या काळच्या गणिताच्या साधनाकडे पाहिलं की या युक्तीचं मोल नीट कळतं. हिशेब धूळपाटीवर होत. धुळीत बोटाने किंवा काडीने आकडा लिहायचा, काम झालं की तो पुसून त्याच जागी पुढचा लिहायचा. गुणाकार संपेपर्यंत मधल्या पायऱ्या पुसल्या गेलेल्या असत, म्हणजे पुन्हा तपासून पाहायला काही उरतच नसे. नवाच्या ताळ्याला मधल्या पायऱ्या लागत नाहीत. गुण्य, गुणक आणि उत्तर एवढ्या तीनच संख्या पुरतात.

भारतीय अंकांबरोबर ही रीतही अरबी ग्रंथांतून पश्चिमेकडे गेली. पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, १२०२ च्या ‘लिबेर अबाची’त ती वापरली. १४७८ मध्ये इटलीतल्या त्रेव्हिझो शहरात व्यापाऱ्यांसाठी अंकगणिताचं एक छोटं पुस्तक छापलं गेलं. युरोपातल्या छापील अंकगणितांमध्ये ते सर्वांत जुन्यांपैकी एक आहे, आणि त्यातही गुणाकारानंतर नवाचा ताळा आहे. फ्रान्समधल्या शाळांत तर मोठी फुली काढून तिच्या चार कोपऱ्यांत चार अंक लिहायचे, अशी या ताळ्याची मांडणीच रूढ होती.

आता हा पहारेकरी कोणाला पकडतो ते पाहू.

त्याचं सर्वांत मोठं सावज म्हणजे विसरलेला हातचा. वरच्याच गुणाकारातली सहाची ओळ घ्या. साहे आठे अठ्ठेचाळीस, आठ लिहिला, हातचे चार. साहे त्रिक अठरा, आणि इथे ते चार मिळवायचेच राहून गेले. ओळ २८४२८ ऐवजी २८३८८ होते आणि अंतिम उत्तर २९,७६,२०२. याच्या अंकांची बेरीज २८, म्हणजे १०, म्हणजे १. यायला हवे होते पाच, आला एक. चूक उघडी पडली. इतकंच नाही, पाच आणि एकमधला फरक चार आहे, म्हणजे विसरलेल्या हातच्याएवढाच.

हा योगायोग नाही. एका अंकाने गुणताना हातचा जास्तीत जास्त आठ असू शकतो. नवाची ओळ आणि सगळे अंक नऊ असले, तरी त्याहून मोठा हातचा येत नाही. तो कोणत्याही घरात विसरला, तरी चूक एक ते आठ यांपैकी एखाद्या अंकाची आणि मागे काही शून्यांची असते. अशी संख्या नवाच्या पटीत कधीच बसत नाही. म्हणून गुणताना एकच हातचा विसरला असेल आणि बाकी सगळं बरोबर असेल, तर नवाचा ताळा तो शंभर टक्के पकडतो. उत्तरात एकच अंक चुकीचा लिहिला गेला, तरी तो पकडला जातो. अपवाद एकच: शून्याच्या जागी नऊ किंवा नवाच्या जागी शून्य. नवाच्या दृष्टीने हे दोन अंक सारखेच आहेत.

पण तोच हातचा विसरण्याऐवजी उलटा झाला तर? साहे आठे अठ्ठेचाळीस. लिहायचा आठ आणि हातचे चार, त्याऐवजी घाईत लिहिला चार आणि हातचे धरले आठ. पुढे सगळं चोख केलं. ओळ येते २८४६४ आणि उत्तर २९,८३,८०२. अंक मिळवा: २+९+८+३+८+०+२ म्हणजे ३२, म्हणजे पाच. ताळा जमतो आणि उत्तर ३६०० ने चुकलेलं असतं.

असं का होतं? अंकांची बेरीज करताना आपण प्रत्येक अंकाचं घर विसरून जातो. एककातला आठ आणि शतकातला आठ यांची किंमत शंभर पटीने वेगळी, पण नवाच्या ताळ्यात दोघे फक्त आठच. त्या विसरण्यामुळेच तर रीत इतकी झटपट झाली. मोठ्या गुणाकाराचा सगळा डोलारा मात्र घरांवरच उभा असतो. त्यामुळे जी चूक अंकच बदलते ती या ताळ्याला दिसते, आणि जी चूक अंक तसाच ठेवून त्याचं फक्त घर बदलते ती त्याला दिसूच शकत नाही.

घर बदलणाऱ्या चुकांमध्ये शाळेच्या वहीत सर्वांत जास्त दिसणारी म्हणजे ओळ सरकवायची राहून जाणं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी फुली किंवा शून्य द्यायचं राहिलं आणि ९४७६ थेट ४२६४२ च्या खाली एककापासून मांडले गेले, असं समजा. बेरीज येते २८,९४,९१८. अंकांची बेरीज ४१, म्हणजे पाच. ताळा जमला. खऱ्या उत्तरापेक्षा हे ८५,२८४ ने कमी आहे, तरीही काही कळत नाही. गुणकात मध्ये शून्य असेल, तर हा धोका आणखी वाढतो. ४७३८ ला ६०९ ने गुणताना शून्याची ओळ गाळून सहाची ओळ एकच घर सरकवली, तर २८,८५,४४२ ऐवजी ३,२६,९२२ येतात. खऱ्याचा नवशेष सहा, खोट्याचाही सहाच.

अंकांची अदलाबदल ही दुसरी चूक. पाटीवरचं उत्तर वहीत उतरवताना २९,८०,२०२ चे २९,०८,२०२ होतात. अंक तेच, बेरीज तीच. बहात्तर हजारांचा फरक पडला तरी ताळा जमतो.

तिसरी चूक नवाच्या पाढ्यातली. नव्वे साते त्रेसष्ट म्हणायचं, तिथे एक पायरी अलीकडचे चोपन्न तोंडात आले. नवाच्या पाढ्यात पायरी नवाचीच असल्यामुळे चूकही नवाचीच होते. साताच्या किंवा आठाच्या पाढ्यात अशी एक पायरी चुकली, तर ताळा लगेच ओरडतो. नवाच्या पाढ्यात तो गप्प राहतो.

चौथी जागा जरा लपलेली आहे. गुण्य किंवा गुणक स्वतःच नवाच्या पटीत असेल, तर दुसऱ्या संख्येबद्दल हा ताळा जवळजवळ काहीच सांगत नाही. समजा, गुणक ६२९ ऐवजी ६३९ आहे. ६+३+९ म्हणजे १८, म्हणजे शून्य. आता गुण्य काहीही असो, शून्याने गुणल्यावर शून्यच. ४७३८ च्या जागी चुकून ४७४८ घेऊन गुणाकार केला, तर उत्तर ३०,३३,९७२ येतं. खरं उत्तर ३०,२७,५८२. दोघांच्या अंकांची बेरीज सत्तावीस, दोघांचा नवशेष शून्य. एरवी गुण्यातला एक अंक चुकीचा उतरवला, तर ताळा तो बहुतेक वेळा पकडतो. अट एवढीच की नवशेष वहीत उतरवलेल्या संख्येवरून न काढता मूळ प्रश्नातल्या संख्येवरून काढायचा. इथे मात्र तेही कामाला येत नाही.

पुष्कळदा असं सांगितलं जातं की नवाचा ताळा नवापैकी आठ चुका पकडतो. उत्तराच्या जागी कोणीही काहीही आकडा लिहिला असता, तर हे खरं ठरलं असतं, कारण नवापैकी साधारण एकाच आकड्याचा नवशेष योगायोगाने जुळतो. पण माणूस चुकतो तेव्हा तो चिठ्ठी उचलल्यासारखा चुकत नाही. त्याचा हात घर चुकतो, अंक उलटे करतो, शून्य गाळतो. नेमक्या याच चुका नवाच्या पटीत पडतात. म्हणून लांबलचक गुणाकारात नवाच्या ताळ्यावर जितका भरवसा ठेवला जातो, त्याहून तो कमीच ठेवायला हवा.

याला उतारा आहे, आणि तोही जुनाच. नारायण पंडिताने १३५६ मध्ये लिहिलेल्या ‘गणितकौमुदी’त हा ताळा नवापुरता न ठेवता कोणतीही संख्या घेऊन करता येतो, असं सांगितलं आहे. फिबोनाचीही नवाबरोबर सात आणि अकरा वापरत असे. त्यातला अकराचा ताळा हाताने करायला सोपा आहे आणि त्याचं वैशिष्ट्य म्हणजे त्याला घर कळतं.

इथे अंक नुसते मिळवायचे नाहीत. उजवीकडून सुरुवात करून एक अधिक, एक उणे, असं जायचं. ४७३८ साठी ८−३+७−४ म्हणजे ८. ६२९ साठी ९−२+६ म्हणजे १३, त्यातून अकरा टाकले की २. आठ दुणे सोळा, अकरा टाकले की ५. उत्तरासाठी २−०+२−०+८−९+२ म्हणजे ५. जमलं. बेरीज उणे आली, तर अकरा मिळवून ती अधिक करून घ्यायची.

आता मघाशी सुटलेल्या चुका याच्यापुढे उभ्या करा. हातचा उलटा झालेलं उत्तर २९,८३,८०२ आठ देतं. ओळ सरकवायची राहिलेलं २८,९४,९१८ चार देतं. अदलाबदल झालेलं २९,०८,२०२ शून्य देतं. यायला हवा होता पाच, म्हणून तिन्ही चुका पकडल्या जातात. दहा म्हणजे अकरा उणे एक, म्हणून एक घर सरकलं की अकराच्या हिशेबात चिन्हच उलटतं. शेजारच्या घरात गेलेला अंक त्यामुळे लपून राहत नाही.

दोन घरं सरकली तर मात्र उलटलेलं चिन्ह पुन्हा सुलटं होतं. सहाची ओळ अजिबात न सरकवता मांडली, तर बेरीज येते १,६५,८३०. नवाचा ताळा पाच, अकराचा ताळाही पाच. दोघेही फसले. इथे कामाला येतो तो साधा अंदाज. पाच हजार गुणिले सहाशे म्हणजे तीस लाखांच्या आसपास उत्तर हवं, त्या जागी दीड-पावणेदोन लाख कसे चालतील? शिवाय शेवटचे अंक आठ आणि नऊ असताना गुणाकाराच्या शेवटी दोनच यायला हवा, आणि इथे शून्य आहे. उलट, एकच घर चुकलेलं २८,९४,९१८ अंदाजाला अगदी योग्य वाटतं, कारण तेही तीस लाखांच्या जवळच आहे. प्रत्येक ताळ्याची आंधळी जागा वेगळी असते, म्हणून ते एकमेकांना पुरे पडतात. नऊ आणि अकरा दोन्ही जुळले, तर राहिलेली चूक नव्व्याण्णवच्या पटीतच असावी लागते. एक घर सोडून पलीकडच्या अंकाशी अदलाबदल झाली तर तसं घडतं. २९,८०,२०२ चे २९,२०,८०२ झाले तर दोन्ही ताळे जमतात, अंदाजही खटकत नाही आणि शेवटचा अंकही बरोबर असतो. मग उत्तर मूळ आकडेमोडीशी अंक अंक लावून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

ताळा चुकला, तर चूक कुठे आहे ते शोधायलाही नऊच मदत करतो. सगळा गुणाकार पुसायची गरज नसते. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे तपासायची. गुण्याचा नवशेष चार. नवाच्या ओळीत चार गुणिले नऊ म्हणजे शून्य यायला हवं, ४२६४२ चे अंक अठरा देतात, म्हणजे शून्य. दोनाच्या ओळीत आठ हवेत, ९४७६ चे सव्वीस, म्हणजे आठ. सहाच्या ओळीत चोवीस म्हणजे सहा हवेत, आणि २८४२८ चे चोवीसच येतात. ज्या ओळीत जुळत नाही, तेवढीच पुन्हा करायची. तिन्ही ओळी जुळल्या आणि शेवटचं उत्तर जुळलं नाही, तर घोळ बेरजेत आहे.

जिथे आकडे रोज लाखोंच्या संख्येने हाताने उतरवले जातात, तिथे ही नवाची आंधळी जागा ओळखूनच रचना केलेली असते. जुन्या पुस्तकांच्या मलपृष्ठावरचा दहा अंकी आयएसबीएन क्रमांक अकराच्या ताळ्यावर बेतलेला होता. अकराने भागल्यावर बाकी दहाही येऊ शकते आणि दहासाठी एकच अंक नाही, म्हणून काही पुस्तकांवर शेवटी रोमन एक्स दिसतो. आधार क्रमांकाचा बारावा अंक डच गणिती व्हेरहूफ यांच्या १९६९ च्या पद्धतीने काढलेला असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटले, तर तो लगेच जुळेनासा होतो.

हिशेबनिसांनी तर या उणिवेलाच कामाला लावलं आहे. तेरजेच्या दोन बाजू जुळत नाहीत, तेव्हा अनुभवी हिशेबनीस आधी फरकाला नवाने भागून पाहतो. समजा फरक २७ रुपयांचा आहे. सत्तावीस नवाच्या पटीत आहे, आणि भागाकार तीन. मग शोध घ्यायचा तो अशा रकमेचा, जिच्या दशक-एककाच्या अंकांत तीनचा फरक आहे आणि ते उलटे लिहिले गेले आहेत. २७६३ च्या जागी २७३६ पडले असतील, तर ते इथे सापडतात. फरक १२१५ असेल, तर नवाने भागून १३५ मिळतात. तेव्हा १३५० ची नोंद शून्य गाळून १३५ अशी झाली आहे का, ते पाहायचं. फरक नवाने भागला जात नसेल, तर निव्वळ अंकांच्या अदलाबदलीचा किंवा गळलेल्या शून्याचा शोध सोडून राहिलेल्या नोंदींकडे आणि बेरजांकडे वळायचं.